चहा निवायच्या आत

आमच्या साहेबांच्या दवाखान्यात बसायला खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बसेल तो रोगी, असा त्यांचा नियम होता. ते स्वतः दिवसभर उभे राहत. कुणी कारकून कामानिमित्त आला आणि सवयीनं त्या खुर्चीत टेकला, की साहेब काही न बोलता त्याचं मनगट धरत, नाडी मोजत, जीभ बाहेर काढायला लावत, पापणी खाली ओढून बघत. भिंतीवर एक वितीचा आरसा टांगलेला होता. तो काढून त्याच्यापुढे धरत आणि म्हणत, "पाहा, आपलं आपण पाहा. पांढरी आहे का लाल?" मग पोट साफ होतं का ते विचारत. हे सगळं उरकल्यावरच कागदाकडे वळत.

एकदा भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. राज्य नवं होतं, पंचायत समित्या त्याहून नव्या, आणि समितीवर त्यांचा शब्द चाले. ते खुर्चीत बसले आणि साहेबांनी त्यांचा हात धरला.

"मी तब्येत दाखवायला आलो नाही, डॉक्टर."

"मंग उभं राहा. ते बिमार माणसाची जागा आहे."

दारात बायका ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्यापुढे भाऊसाहेब उठून उभे राहिले. त्या दोघांचं कधी जमलं नाही, त्याचं मूळ तिथं असावं असं कंपाउंडर देवरावजी म्हणायचे. मला वाटतं मूळ त्याच्याही आधीचं होतं. साहेबांना कुणासमोर वाकायची सवयच नव्हती. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

मी तिथं तीन महिने होते. डॉक्टरकीची परीक्षा झाल्यावर एक वर्ष इंटर्न म्हणून काम करावं लागे आणि त्यातले तीन महिने खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढायचे असत. माझ्या वाट्याला मेहकर आणि डोणगावच्या मधलं एक गाव आलं. नाव सांगत नाही, तिथं अजून ओळखीची माणसं आहेत. नागपूरहून निघताना आईनं पाण्याची सुरई बरोबर दिली होती. साहेबांनी मला आधी ती सुरई कुठल्या विहिरीच्या पाण्यानं भरली ते विचारलं आणि मग नाव विचारलं.

त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे असेल. उंच, किंचित पोक आलेले, बारा महिने हातात मिटलेली छत्री. ती उघडलेली मी पाहिली नाही. तिनं ते अंतर मोजत. कुठल्याही गावात गेले की आधी विहीर शोधायची, मग सर्वांत जवळचा उकिरडा शोधायचा, आणि छत्री टोकाला टोक लावत एकापासून दुसऱ्यापर्यंत वाकून चालत जायचं. मागे पोरांची रांग. शेवटी ते ताठ उभे राहत आणि ज्याचा उकिरडा असेल त्याला सर्वांदेखत म्हणत, "तुमी आपलं शेण गावाले पाजून राह्यले." बोलायचे अस्सल वऱ्हाडी. शिक्षण मुंबईत झालं होतं, इंग्रजी चांगलं होतं, पण बुलढाण्याहून अधिकारी आला तरी भाषा बदलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मले काऊन बदलाले सांगता? त्याले शिकू द्या ना."

इंटर्नला ते नावानं हाक मारत नसत. "पाहुणे" म्हणत. मी आल्यावर "पाहुण्याबाई" झालं. आणि पहिल्याच दिवशी, मी पेटी खाली ठेवते न ठेवते तोच, त्यांनी शेवटच्या दिवसाचं बजावून ठेवलं.

"पाहुण्याबाई, जाच्या दिवशी भाषन द्या लागते. आतापासून डोये उघडे ठेवा."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. साहेबांकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला निरोपाचं भाषण करावं लागे, आणि त्याचे त्यांचे कायदे होते. शेवटच्या दिवशी दवाखाना आटोपला की ओसरीवर सगळ्यांनी खाली बसायचं. झाडूवाल्या सुंदराबाईपासून साहेबांपर्यंत सगळे, एकाच जाजमावर. जाणाऱ्यानं उभं राहायचं. सगळ्यांच्या हातात चहा द्यायचा आणि तो निवायच्या आत भाषण संपवायचं. सुरुवात सर्वांत कमी पगाराच्या माणसापासून करायची आणि वर वर जायचं. प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि त्यानं केलेली, आपण डोळ्यांनी पाहिलेली, एकच गोष्ट सांगायची. गुण सांगायचे नाहीत. कुणाला प्रेमळ, कष्टाळू, निःस्वार्थी म्हणायचं नाही. मग आपण अर्धवट टाकून चाललो आहोत ती कामं सांगायची, रोग्यांच्या नावासकट, म्हणजे मागे राहणाऱ्यांना ती उचलता येतील. त्यानंतर एक गोष्ट अशी, जी इथं चुकते आहे असं आपल्याला वाटलं. ती तोंडावर बोलायची, गावाबाहेर जाऊन बोलायची नाही. आणि "मी पुन्हा नक्की येईन" हे वाक्य वर्ज्य.

"कोनी येत नाई," ते म्हणाले. "अन् आमी वाट पाह्यतो."

माझ्या आधीच्या इंटर्ननं म्हणे सुंदर इंग्रजीत भाषण लिहून आणलं होतं. साहेबांनी मन लावून ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "आता हेच सुंदराबाईले समजंल असं सांगा." तो बिचारा सांगायला लागला. प्रत्येक वाक्य मराठीत आणताना गळत गेलं, आणि शेवटी "जेवण चांगलं होतं" एवढंच उरलं. सुंदराबाई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, पोट तरी भरलं." देवरावजी हा किस्सा सांगताना डोळे पुसायचे.

आता जीपचं सांगायला हवं.

केंद्राला एक जीप होती. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, लसटोचणी, एवढ्यांसाठीच ती वापरायची होती. चालवायचे गफूरभाई. ते गाडीला दिवसातून दोनदा पुसायचे आणि कुणी दार आपटलं की त्यांना स्वतःला लागल्यासारखा चेहरा करायचे. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई सुरू होती. त्या सकाळी मी ओसरीवर सुया उकळत होते. भाऊसाहेबांचा माणूस आला. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, देऊळगाव राजाहून पाहुणे आणायचे होते, गाडी पाहिजे होती. अशी माणसं पूर्वीही येत आणि साहेब त्यांना दारातून परत पाठवत. त्या दिवशी साहेबांनी त्याला परत पाठवलं नाही. आदल्या रात्री ते हगवणीच्या साथीसाठी जागले होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, गफूरभाईंना दिली आणि आत निघून गेले. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

दुपारी नाल्यापलीकडच्या वस्तीवरून एक जण धावत आला. त्याची बायको अडली होती आणि बाळाचा पाय बाहेर आला होता. केंद्रातल्या कमल सिस्टरनं पिशवी उचलली. जीप नव्हती. बैलगाडी जुंपायला वेळ लागला असता, म्हणून आम्ही दोघी पायीच निघालो. नाल्यात गुडघाभर चिखल होता. सिस्टरची एक चप्पल त्यात रुतली, दुसरी तिनं स्वतःच काढून फेकली, आणि पुढचा कापलेल्या ज्वारीच्या धसकटांतला सगळा रस्ता ती अनवाणी चालली. मूल पायाळू होतं. ते मी आणि तिनं मिळून सोडवलं. मी आईचं रक्त थांबवण्यात गुंतले होते आणि मूल रडत नव्हतं. सिस्टरनं त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, थांबली, पुन्हा घातली. कितीदा ते मला माहीत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायांनी कपाळाला हात लावला होता. मग ते रडलं. आईचं रक्त पुरतं थांबेपर्यंत तिला सोडून निघणं शक्य नव्हतं, म्हणून रात्र तिथंच काढली.

त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांच्या नात्यातली एक बाई दवाखान्यात आणली गेली. तिला कळा सुरू होत्या. सिस्टर नव्हती, जीपही परतली नव्हती, आणि पुरुष डॉक्टरकडून बाळंतपण घरच्यांना नको होतं. तिला एस.टी.नं मेहकरला न्यायला निघाले आणि ती वाटेत, बसमध्ये, बाळंत झाली. दोघं सुखरूप होते, पण घराण्याची अब्रू गेली म्हणून भाऊसाहेब खवळले. आठ दिवसांत जिल्ह्याला तक्रार गेली: सिस्टर परवानगीशिवाय मुख्यालय सोडून रात्रभर बाहेर होती. तिला विचारणा झाली, आणि घाटाखाली कुठं तरी बदली होणार अशी बातमी आली. सिस्टर विधवा होती. म्हातारी सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली गावात होत्या.

मी साहेबांना विचारलं, जीप कुठं होती ते तुम्ही कळवलं ना? ते हात धूत होते. साबण बराच वेळ चोळत राहिले.

"जीप दुरुस्तीले होती असं लिवलं मी."

"पण ती तर..."

"खरं लिवलं तर पयला गफूर जाते. गाडी लग्नाले नेली म्हनून. त्याची नोकरी पक्की नाई अजून."

"आणि सिस्टर?"

त्यांनी पंच्याला हात पुसले आणि खुर्चीत बसलेल्या म्हातारीची पापणी खाली ओढली.

त्या दिवसापासून ते नवीनच वागायला लागले. संध्याकाळी जीप उभी केली की इंजिनातला एक छोटा काळा तुकडा काढून घेत. गफूरभाई त्याला रोटर म्हणायचे. तो नसला की गाडी सुरूच होत नाही. तो रोटर साहेबांच्या खिशात स्टेथोस्कोपबरोबर असायचा. भाऊसाहेबांचा माणूस पुन्हा आला तेव्हा साहेब म्हणाले, "किल्ली घेऊन जा, हे घ्या," आणि त्या माणसानं तासभर जीप ढकलली. गाव हसलं. मला हसू आलं नाही. हे सगळं त्यांनी आधी करायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

माझे दिवस संपत आले. साहेब भाषणाची तालीमही घेत. मी पहिला मसुदा वाचून दाखवला: "या केंद्रानं मला माणूस म्हणून घडवलं. येथील कर्मचाऱ्यांचा सेवाभाव मी आयुष्यभर विसरणार नाही."

"हे भाषन डोनगावले चाललं असतं का?"

"चाललं असतं."

"पिंपळगाव राजाले?"

"तिथंही."

"मंग हे आमचं नाई. फाडा."

दुसऱ्या मसुद्यात मी नावं घातली, पण प्रत्येकापुढे विशेषणं होती. त्यांनी एकेका विशेषणावर बोट ठेवलं. "कष्टाळू म्हनता. काय केलं थ्यानं? कोनत्या दिवशी? तुमी कुठं उभ्या होत्या?" मी सांगायला लागले, की म्हणत, "बस, हेच बोला. आभार म्हंजे साक्ष असते, पाहुण्याबाई. जे पाह्यलं ते सांगाचं अन् खाली बसाचं. कौतुक तर आंधळा माणूसबी करते."

तिसऱ्या मसुद्याला मी वही मिटून विचारलं, "साहेब, जे पाहिलं ते सांगायचं ना? सगळं?"

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. दवाखान्यात पँट आणि घरी धोतर, हाही त्यांचा एक नियम होता.

"सगळं कोनाले सांगता येते? चहा निवते. निवडा लागते."

"आणि जे चुकतंय ते?"

"ते एकच. सगळ्यात मोठं."

शेवटच्या दिवशी सकाळीच बुलढाण्याहून जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आले, सिस्टरच्या चौकशीला. बरोबर भाऊसाहेब होते. चौकशी दुपारी व्हायची होती. पण भाऊसाहेबांना कुणी तरी सांगितलं की आज डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे, आणि त्यांनी तिथल्या तिथे समारंभ ठरवला. शाळेतून टेबल आलं, खुर्च्या आल्या, हार आले. अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. अधिकारी भले वाटले, पण घाईत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेबांबद्दल दोन चांगले शब्द बोला. केंद्राला ते मदत करतात. तुमचा काम पूर्ण झाल्याचा दाखला आमच्याच कार्यालयातून जाणार आहे."

 दाखल्याशिवाय मला डॉक्टर म्हणून नोंदणी मिळाली नसती. घरी वडील निवृत्त झाले होते आणि धाकटी भावंडं शिकत होती.

साहेबांनी ते ऐकलं असावं. कारण त्यांनी मला आत बोलावलं, टेबलाच्या खणातून माझा दाखला काढला, सही केली, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला. एरवी दाखला भाषणानंतर देत.

"हा नागपूरले तुमीच घेऊन जा, तुमच्या कालेजात. तिथं माहीच सही लागते, कोनत्या कार्यालयाची नाई. आता तुमाले कोनाची गरज नाई. आता बोला."

बाहेर आल्यावर ते खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. मग सरळ जाऊन ओसरीवरच्या जाजमावर बसले, सुंदराबाईच्या शेजारी. देवरावजी, गफूरभाई, सिस्टर, सगळे बसले. खुर्च्यांवर अधिकारी आणि भाऊसाहेब दोघंच उरले. भाऊसाहेब म्हणाले, "डॉक्टर, इकडे या ना."

"इथूनच ऐकू येते," साहेब म्हणाले.

चहा वाटला गेला. मी उभी राहिले. 

"सुंदराबाई," मी म्हणाले. "माझ्या पहिल्या आठवड्यात बाळंतखोलीत रक्त सांडलं होतं आणि मला भोवळ आली. तुम्ही मला भिंतीशी बसवलंत, फरशी धुतलीत, आणि कुणाला सांगितलं नाहीत. आज मीच सांगते.

"देवरावजी. बाजाराच्या दिवशी पाऊणशे माणूस होतं आणि एका आजोबांना दोन औषधांतला फरक कळत नव्हता. तुम्ही एका बाटलीला लाल दोरा बांधलात, एकीला पांढरा, आणि त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. मागची रांग ओरडत होती.

"गफूरभाई. सापाच्या रोग्याला मेहकरला नेताना तुम्ही वाटभर त्याच्याशी भांडत होतात, त्याच्या बैलांना नावं ठेवत होतात. मला राग आला होता. मागाहून कळलं, तो झोपू नये म्हणून भांडत होतात."

गफूरभाईंनी मान खाली घातली. चहाची वाफ अजून येत होती.

"कमल सिस्टर. नाल्यापलीकडच्या वस्तीवर आपण दोघी गेलो. तुमची चप्पल चिखलात गेली. तुम्ही धसकटांतून अनवाणी चाललात. मूल रडत नव्हतं, त्याला तुम्ही तुमचा श्वास दिलात. ते मूल जिवंत आहे. रात्री परत आलो नाही, कारण त्याच्या आईचं रक्त थांबायचं होतं आणि तिथंच राहा असं मी म्हणाले. तिथं डॉक्टर मी होते. रात्रभर मुख्यालय सोडलं असेल तर ते माझ्या सांगण्यावरून."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला.

"आता मी टाकून चालले ती कामं. सुलेमानचाचांची क्षयाची इंजेक्शनं अर्धी झाली आहेत. बरं वाटायला लागलं की ते येणं बंद करतील, तेव्हा कुणी तरी घरी जाऊन आणावं. वस्तीवरच्या गंगूचे पाय सुजले आहेत, नववा लागलाय, डोकं दुखतं म्हणते. तिला कळा यायच्या आत इथं आणायला हवं. त्यासाठी जीप जागेवर असावी लागेल.

"आणि एक गोष्ट इथं चुकते आहे, ती तोंडावर सांगायचा इथला नियम आहे. त्या दिवशी जीप दुरुस्तीला नव्हती. ती भाऊसाहेबांच्या घरच्या लग्नाला देऊळगाव राजाला गेली होती. ती असती तर बाळंतिणीला घेऊन सिस्टर संध्याकाळपर्यंत परत आल्या असत्या, आणि भाऊसाहेबांच्या घरच्या बाईला बसनं जावं लागलं नसतं. किल्ली साहेबांनी दिली. मी ओसरीवर उभी होते, मी पाहिलं. साहेब, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. आणि नाही म्हटलं नाहीत, तर निदान खरं लिहायला हवं होतं."

मी थांबले. साहेबांबद्दलची, पाहिलेली एक चांगली गोष्टही मी तयार ठेवली होती. ती न सांगताच मी खाली बसले.

भाऊसाहेब उठले. "हे काय चाललंय? निरोपाचा कार्यक्रम आहे का कोर्ट?"

साहेब जाजमावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. अधिकाऱ्यांकडे तोंड करून म्हणाले, "बाई बोलल्या ते खरं आहे. लिवून घ्या. किल्ली म्या देल्ली. ड्रायव्हरनं हुकूम पाळला, त्याचा काई दोष नाई. दुरुस्तीचं म्या खोटं लिवलं, त्यावर माही सही आहे. शिस्टर तिच्या कामावर होती. कामावर नव्हतो तो मी."

"डॉक्टर, विचार करून बोला," अधिकारी म्हणाले.

"लय दिवस विचारच करून राह्यलो साहेब. आता लिवा."

अधिकाऱ्यांनी गफूरभाईंना विचारलं. गफूरभाई उभे राहून म्हणाले, "हाव साहेब. वीस वऱ्हाडी आनले, दोन फेऱ्यांत." भाऊसाहेब हार न घालताच निघून गेले. अधिकाऱ्यांनी दुपारची चौकशी तिथंच, जाजमाच्या कडेला बसून उरकली. सिस्टरनं सही करताना हात दोनदा पदराला पुसला.

मी पेटी घेऊन निघाले तेव्हा साहेब दारात होते. मला वाटलं रागावतील.

"डॉक्टर," ते म्हणाले. पहिल्यांदाच. "चुकीच्या गोष्टीवर याले लय वेळ लावला. तोवर भाऊसायबाचा चहा निवला होता. अन् गंगूचं नाव तिच्या नवऱ्याच्या नावासंगं घ्या लागते, वस्तीत तीन गंगू आहेत."

सिस्टरची बदली रद्द झाली. गफूरभाईंना समज मिळाली आणि पुढे ते पक्केही झाले. साहेबांची वेतनवाढ रोखली गेली, आणि उन्हाळ्याच्या आत त्यांना दूरच्या एका केंद्रावर पाठवलं, जिथं गाडीच नव्हती. भाऊसाहेब पुढची निवडणूक आरामात जिंकले. हे मला देवरावजींकडून कळलं.

त्यानंतर साहेब मला एकदाच भेटले. मी तेव्हा खामगावला नोकरीला होते. बसस्टँडवर ते सिमेंटच्या बाकाशेजारी उभे होते. बाक रिकामा होता. निवृत्त झाले होते, पोक वाढलं होतं. मला ओळखलं, सासरचं नाव विचारलं, पाणी कुठलं पिते तेही विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. शेवटी मी वर्षानुवर्षं मनात असलेलं बोलले.

"साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला गोत्यात आणलं. तुम्हाला राग आला होता का?"

"हाव," ते म्हणाले. "अजूनबी आहे."

मी हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"नोकरीचा नाई. नोकरी काय, कुठंबी विहीर असते, उकिरडा असते. चौकशी दुपारी होनार होती. मी सकाळपासून मनात म्हनत होतो, आज खरं बोलतो, आज बोलतो. अन् तुमी माह्या आधी बोलल्या. आता मी बोललो असतो का नाई, ते मलेच कळाले मार्ग नाई उरला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लय वर्षं झाली, रोज विचारतो सोताले. कधी हो येते, कधी नाई येते."

"मग मी गप्प बसायला हवं होतं?"

"नाई," ते म्हणाले, जरा चिडूनच. "तुमी काऊन गप्प बसाल? गप्प बसाले मी होतो ना."

त्यांची बस लागली. गर्दी दाराशी तुटून पडली. कंडक्टर आतून एका म्हातारीला "पुढच्या गाडीनं ये" म्हणून ढकलत होता. साहेबांनी माझा निरोपही घेतला नाही. ते गर्दीत घुसले, पायरीवर आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "पयले हे बाई चढंल. मंग तुह्यी बस हालंल." कंडक्टर ओरडत राहिला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मागचे लोक बडबडायला लागले. साहेब पायरीवरून हलले नाहीत.